‘म्हणून’ म्हणण्यापूर्वी : निगामी व विगामी युक्तिवाद आणि काही तर्कदोष

तर्कशास्त्राच्या पुस्तकात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला सर्वांत आधी भेटतो तो सॉक्रेटिस. सर्व माणसे मर्त्य आहेत. सॉक्रेटिस माणूस आहे. म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. हे फळ्यावर लिहून झाले की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : “सर, हे तर आम्हाला आधीच ठाऊक होते. यात नवीन काय सांगितलेत?” प्रश्न खोडसाळपणाने विचारलेला असला तरी तो अगदी योग्य आहे. निगामी आणि विगामी युक्तिवादांतील सारा भेद त्या एका प्रश्नात दडलेला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात सॉक्रेटिसला विश्रांती देऊन आपण आपल्या कर्जत-खालापूरच्या परिसरातील उदाहरणे घेऊ, आणि शेवटी एका अशा उदाहरणाकडे वळू की जेथे ‘म्हणून’ हा शब्द चुकीच्या ठिकाणी पडला तर त्याची किंमत माणसांना मोजावी लागते.

युक्तिवादाची दोन अंगे

युक्तिवादात एक वा अधिक विधाने आधार म्हणून दिलेली असतात आणि एक विधान त्यांच्यावर उभे केलेले असते. पहिल्यांना आधारविधाने म्हणावे व दुसऱ्याला निष्कर्ष. दोहोंना जोडणारा पूल म्हणजे ‘म्हणून’. चहाच्या टपरीवर ‘म्हणून’ हा शब्द क्वचितच उच्चारला जातो. “त्याच्या घरी कोण आजारी आहे वाटतं, दोन दिवस दुकान बंद आहे,” असे कोणी म्हणतो तेव्हा निष्कर्ष आधी व आधार मागाहून येतो. तेव्हा कोणतेही बोलणे तपासताना पहिले काम हे की निष्कर्ष कोणता आणि आधार कोणते, हे वेगळे करून कागदावर मांडणे. निम्मे तर्कदोष एवढ्यानेच उघडे पडतात.

आता हा पूल दोन प्रकारचा असू शकतो. पुढील युक्तिवाद पाहा :

खोपोलीला जाणारी प्रत्येक लोकल नेरळला थांबते.
ही खोपोलीला जाणारी लोकल आहे.
म्हणून ही लोकल नेरळला थांबेल.

येथे दोन्ही आधारविधाने खरी मानली तर निष्कर्ष नाकारता येत नाही. नाकारणाऱ्याने पहिल्या दोन ओळींपैकी एक तरी नाकारली पाहिजे. असा दावा ज्या युक्तिवादात केलेला असतो तो निगामी युक्तिवाद, आणि तो दावा पुरा होत असेल तर तो युक्तिवाद वैध. निष्कर्षात जे आहे ते आधारविधानांच्या पोटात आधीच होते. आपण ते केवळ बाहेर काढून मांडले. मागच्या बाकावरील मित्राची तक्रार हीच होती. निगमन नवी माहिती देत नाही. ज्याला आपण आधीच कबुली दिली आहे, त्यातून काय काय येते ते दाखवून देते.

वैधता आणि सत्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथेच ध्यानात घ्यावे. ‘कर्जत तालुक्यातील सर्व गावे समुद्रकाठी आहेत, नेरळ कर्जत तालुक्यात आहे, म्हणून नेरळ समुद्रकाठी आहे’ हा युक्तिवाद पूर्णपणे वैध आहे, परंतु त्याचे पहिले विधान धडधडीत खोटे असल्याने निष्कर्षही खोटा आला. वैधता ही युक्तिवादाच्या घडणीची परीक्षा आहे. घडण निर्दोष असून आधारविधानेही खरी असतील, तरच निष्कर्ष निर्धास्तपणे स्वीकारावा.

नेरळच्या फलाटावरील दोन चुका

खोपोलीला राहणारा एक विद्यार्थी नेरळच्या फलाटावर उभा आहे अशी कल्पना करू. फलाटावरील दर्शक बंद आहे. गाडी येऊन थांबते. विद्यार्थी मनाशी म्हणतो, “खोपोली लोकल असेल तर ती नेरळला थांबते. ही गाडी नेरळला थांबली आहे. म्हणून ही खोपोली लोकल.” तो चढतो, आणि कर्जतला गाडी रिकामी होते तेव्हा त्याला कळते की ती कर्जतपर्यंतचीच होती. आता पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी या वाटेने जाणाऱ्या पुढच्या गाडीची वाट पाहणे आले.

त्याचे चुकले कोठे? ‘जर–तर’ विधानात ‘जर’ला जोडलेल्या भागाला पूर्वांग म्हणतात आणि ‘तर’ला जोडलेल्या भागाला उत्तरांग. पूर्वांग खरे ठरले तर उत्तरांग खरे ठरते, एवढीच हमी अशा विधानात दिलेली असते. उलट्या दिशेची हमी त्यात नसते. कर्जत लोकलही नेरळला थांबते. आपल्या विद्यार्थ्याने उत्तरांग खरे पाहून पूर्वांग खरे मानले. या चुकीला उत्तरांग-स्वीकाराचा दोष म्हणतात.

दुसरे दिवशी तो शहाणा होतो, पण वेगळ्या रीतीने. त्याला आज कर्जतलाच जायचे आहे. समजा, तो पुलावर असताना ध्वनिक्षेपकावरून ऐकू येते की येणारी गाडी खोपोली लोकल नाही. तो म्हणतो, “खोपोली लोकल असेल तर नेरळला थांबते. ही खोपोली लोकल नाही. म्हणून ही थांबणार नाही.” आणि तो सावकाश उतरतो. गाडी मात्र थांबते आणि त्याच्या डोळ्यांदेखत निघून जाते. हा पूर्वांग-निषेधाचा दोष. पूर्वांग खोटे ठरले की ‘जर–तर’ विधान मुके होते. उत्तरांग खरे की खोटे याविषयी ते काहीही सांगत नाही.

हे दोष ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. युक्तिवादाचा सांगाडा तसाच ठेवावा आणि आतला मजकूर असा बदलावा की आधारविधाने निर्विवाद खरी असतील व निष्कर्ष निर्विवाद खोटा असेल. असे एक जरी उदाहरण सापडले तरी तो सांगाडा अवैध. पूर्वांग-निषेधासाठी हे पाहा :

एखादे गाव माथेरान असेल, तर ते रायगड जिल्ह्यात आहे.
खोपोली हे माथेरान नव्हे.
म्हणून खोपोली रायगड जिल्ह्यात नाही.

पहिली दोन विधाने खरी, तिसरे हास्यास्पद. हा माथेरान-खोपोलीचा सांगाडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची आठवण करावी लागणार आहे.

शितावरून भात

निगमनाचा सारा डोलारा ‘प्रत्येक खोपोली लोकल नेरळला थांबते’ यासारख्या सर्वसामान्य विधानावर उभा असतो. पण असे विधान आले कोठून? प्रत्येक लोकल, अगदी उद्याचीही, कोणी पाहिलेली नसते. काही पाहून सर्वांविषयी बोलणे, झालेल्यावरून होणाऱ्याविषयी बोलणे, यालाच विगमन म्हणतात. येथे निष्कर्षात आधारविधानांहून जास्त काही सांगितलेले असते. म्हणून विगामी युक्तिवाद नवी माहिती देतो. आणि त्याच कारणाने तो कधीही संपूर्ण हमी देत नाही. आधारविधाने सारी खरी असूनही निष्कर्ष खोटा निघू शकतो. अशा युक्तिवादाला वैध-अवैध न म्हणता सबळ किंवा दुर्बल म्हणावे, आणि सबळतेला पायऱ्या असतात.

आपल्या घरच्या बायका तर्कशास्त्र न शिकता विगमन उत्तम करतात. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण म्हणजे विगमनाचे सूत्रच आहे. पातेल्यातील हजारो शितांपैकी एक बोटांत दाबून आई सांगते, भात झाला. एका शिताने हजारांचा निकाल का लागतो? कारण पातेल्यातील सारे तांदूळ एकाच पोत्यातले, एकाच पाण्यात, एकाच आचेवर, सारखाच वेळ शिजलेले असतात. परंतु तीच आई बाजारात तांदळाच्या पोत्याच्या तोंडाशी असलेली मूठ पाहून पोते विकत घेत नाही. ती हात खाली घालून मधला तांदूळ वर काढते, कारण वरचा तांदूळ मुद्दाम निवडून ठेवलेला असू शकतो हे तिला ठाऊक असते. नमुना किती मोठा, याहूनही तो उरलेल्या साऱ्यांसारखा आहे काय, हा प्रश्न महत्त्वाचा. हा प्रश्न न विचारता झेप घेणे म्हणजे घाईचे सामान्यीकरण. दोन गाड्या उशिरा आल्या म्हणून “या मार्गावर एकही गाडी वेळेवर येत नाही” असे म्हणणारा प्रवासी तीच चूक करतो. वेळेवर आलेल्या गाड्या त्याच्या लक्षातच राहत नाहीत.

घाटातील इंजिन

सबळ विगमनही कसे ढळते, याचे उत्तम उदाहरण कर्जत स्थानकाने आपल्याला दिले आहे. कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना बोरघाटात चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. रेल्वेच्या हिशेबात हा फार तीव्र चढ. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावीत आले. रेल्वेची माणसे त्यांना बँकर म्हणतात. गाडी त्यासाठी थांबणार, आणि थांबली की फलाटावर बटाटेवडे विकले जाणार, हे आपल्या आजोबांनी पाहिले आणि आपणही पाहतो. पिढ्यान् पिढ्यांच्या या अनुभवावरून एखाद्याने म्हटले असते की घाट चढणाऱ्या प्रत्येक प्रवासी गाडीला मागून इंजिन लागते, तर त्याला घाईचा दोष देता आला नसता. नमुना प्रचंड होता.

परंतु १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई–सोलापूर वंदे भारत गाडी सुरू झाली आणि ती हा घाट मागून इंजिन न लावता चढू लागली. एका उदाहरणाने सर्वसामान्य विधान खोटे ठरले. हजारो अनुकूल उदाहरणे ते सिद्ध करू शकली नव्हती, पण एक प्रतिकूल उदाहरण त्याला मोडू शकते. विगमनातील ही विषमता विद्यार्थ्यांनी पक्की ध्यानात ठेवावी.

आता ज्या माणसाने केवळ गाड्या मोजल्या होत्या, त्याला या घटनेचे आश्चर्य वाटले. ज्याने इंजिन का लागते हे समजून घेतले होते, त्याला वाटले नाही. नेहमीच्या गाडीत ओढणारे बळ पुढच्या इंजिनात एकवटलेले असते. एवढ्या चढावर ते अपुरे पडते आणि डब्यांच्या जोडणीवरही मोठा ताण येतो. वंदे भारतमध्ये वेगळे इंजिनच नाही. चाके फिरविणाऱ्या मोटारी अनेक डब्यांखाली वाटून दिलेल्या असतात. म्हणजे जुन्या विधानाला एक अट चिकटलेली होती : ‘बळ पुढच्या इंजिनात असेल, तर’. सर्व गाड्या तशाच असेतोवर ती अट कोणाला दिसली नाही.

आपल्या नैयायिकांनी या न दिसणाऱ्या अटीला फार पूर्वी नाव दिले आहे : उपाधी. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती त्यांनी मान्य केली. जेथे अग्नी तेथे धूर, ही मात्र अमान्य केली. कारण धूर निघायला सरपण ओले असावे लागते. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. ज्याने आयुष्यभर चुलीत ओली लाकडेच घातली, त्याला ‘अग्नी तेथे धूर’ हा नियम निरपवाद वाटेल. तेव्हा ‘आजवर नेहमी असेच झाले’ असे कोणी म्हटले की आपण विचारावे : यात ओले सरपण कोणते? कोणती अट आजवर योगायोगाने पुरी होत आली आहे, आणि ती उद्या सुटली तर काय?

कावळा आणि फांदी

कार्यकारणाविषयीचा एक दोष येथेच उरकून घेऊ. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असे आपण म्हणतो. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणून पहिलीला दुसरीचे कारण ठरविणे, हा तो दोष. गाडीला लिंबू-मिरची बांधणारा चालक म्हणतो, “दहा वर्षे घाटात गाडी चालवतो, ओरखडासुद्धा नाही.” श्रद्धा म्हणून त्याने ते बांधले तर तर्कशास्त्राला तेथे बोलण्याचे कारण नाही. परंतु तो त्यास पुरावा म्हणून पुढे करील, तर दोन प्रश्न विचारावे लागतात. न बांधणाऱ्यांपैकी किती जण सुखरूप आहेत? आणि बांधूनही ज्यांना अपघात झाला, ते आपल्याला हे सांगायला टपरीवर येतात काय? दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. वाचलेल्यांचेच अनुभव आपल्या कानी पडतात. नमुना आधीच गाळून आलेला असतो.

इर्शाळवाडी

एवढी तयारी झाल्यावर आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. खालापूर तालुक्यात चौकजवळ इर्शाळगडाच्या उतारावर ठाकर समाजाची इर्शाळवाडी ही वस्ती होती. तेथवर गाडीरस्ता नव्हता. १९ जुलै २०२३ च्या रात्री वरचा डोंगर वस्तीवर आला. पायी चढून जाऊन, यंत्रे पोहोचत नसल्याने मुख्यतः हातांनी, मदतीचे काम करावे लागले. २३ जुलैला शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती.

दुर्घटनेनंतर विधानसभेत सरकारतर्फे जे निवेदन झाले, त्यात दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. एक, ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. दोन, तेथे पूर्वी दरड कोसळल्याची नोंद नव्हती. तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचेही त्यात सांगितले होते. ही माहिती म्हणून दिली गेली होती आणि कोणावर ठपका ठेवणे हा या लेखाचा हेतू नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की दोन्ही विधाने खरी धरली, आणि तरीही ‘म्हणून वाडी सुरक्षित आहे’ हा निष्कर्ष खोटा ठरला. खरी आधारविधाने व खोटा निष्कर्ष अशी जोडी दिसली की तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याने तेथे थांबले पाहिजे.

पहिला युक्तिवाद पूर्ण मांडू :

एखादे गाव दरडप्रवण गावांच्या यादीत असेल, तर त्याला दरडीचा धोका आहे.
हे गाव यादीत नाही.
म्हणून या गावाला दरडीचा धोका नाही.

माथेरान आणि खोपोली आठवा. सांगाडा तोच आहे, पूर्वांग-निषेधाचा. एका ठिकाणी हसू येते आणि दुसऱ्या ठिकाणी मान डोलविली जाते, याचे कारण एवढेच की खोपोली कोठे आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते, आणि डोंगराच्या पोटात काय चालले आहे हे ठाऊक नसते. अवैध सांगाडा आपल्याला फसवितो तो नेमका जेथे निष्कर्ष स्वतंत्रपणे तपासता येत नाही तेथे.

यावर एक विद्यार्थी म्हणेल, “पण यादीत नाव नसणे याला काहीच अर्थ नाही काय?” आहे; मात्र तो निगामी नाही, विगामी आहे, आणि त्याचे बळ एका गोष्टीवर अवलंबून आहे. समजा, पावसाळ्यात घरात साप शिरल्याचा संशय आला. ओटी, माजघर, माळा, अडगळ, न्हाणीघर, सारे कंदील घेऊन धुंडाळले आणि साप दिसला नाही, तर ‘साप नाही’ हा निष्कर्ष बराच सबळ. नुसते ओटीवरून डोकावून ‘दिसला नाही’ म्हटले, तर तो दुर्बल. दोन्ही वेळी वाक्य एकच आहे. फरक पडतो तो शोध किती कसोशीने घेतला याने. सिद्ध झाले नाही एवढ्यावरूनच असिद्ध मानणे, याला अज्ञानमूलक तर्कदोष म्हणतात. आणि शोध पुरेसा झाला होता हे दाखविता आले तरच तो दोष राहत नाही.

यादीतील मौनाचे दोन अर्थ होऊ शकतात. ‘या ठिकाणची तपासणी झाली आणि धोका आढळला नाही’ हा एक. ‘या ठिकाणची बारकाईने तपासणी झालेली नाही’ हा दुसरा. कागदावर दोहोंची खूण एकच, कोरी जागा. म्हणून कोणत्याही यादीबाबत पहिला प्रश्न हाच की ज्यांची नावे नाहीत, त्यांच्यापैकी तपासलेली किती? यादीत दोन रकाने असते, एक ‘तपासले, धोका आढळला नाही’ आणि दुसरा ‘तपासले नाही’, तर हा तर्कदोष करण्याला जागाच उरली नसती.

दुसरा युक्तिवाद असा : ‘येथे आजवर कधी दरड पडली नाही, म्हणून पडणार नाही.’ हे साधे विगमन आहे आणि ते अगदीच निराधार नाही. उद्या पडणार नाही, असे कोणत्याही एका दिवसाविषयी म्हटले तर ते बहुधा खरेच ठरेल. बर्ट्रांड रसेलने १९१२ साली लिहिलेल्या ‘द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’ या पुस्तकात एक कोंबडी आहे. रोज जो हात तिला दाणे घालतो, तोच एके दिवशी तिची मान पिरगाळतो. दाण्यांचा दिवस जसजसा वाढतो तसतसा तिचा विश्वास वाढतो, आणि शेवटच्या दिवशी तो सर्वांत जास्त असतो. केवळ मोजणीवर उभ्या असलेल्या विगमनाची ही मर्यादा आहे.

तर मग येथील उपाधी कोणती? सह्याद्रीच्या उतारांवर कठीण खडकावर झिजलेल्या खडकाचा व मातीचा थर असतो. हा थर उतारावर टिकतो तो आपल्या कणांच्या परस्पर घर्षणामुळे व चिकटून राहण्यामुळे. पाणी मुरू लागले की थराचे वजन वाढते, आणि कणांच्या फटींत साठलेल्या पाण्याचा दाब त्यांना एकमेकांपासून सैल करतो. ओढणारे बळ वाढते व धरून ठेवणारे घटते. पाणी वाहून जाण्याचा वेग मुरण्याच्या वेगाशी बरोबरी करीत असेल तोवर काही होत नाही. म्हणजे ‘हा उतार इतकी वर्षे टिकला’ या विधानाला चिकटलेली अट अशी : ‘थोड्या दिवसांत त्याच्या सोसण्यापलीकडे पाणी मुरले नाही, तर’. शंभर वर्षे टिकल्याने एवढेच सिद्ध होते की त्या शंभर वर्षांत ती मर्यादा ओलांडली गेली नाही. मर्यादा कोठे आहे, हे त्याने कळत नाही. शिवाय उतार शंभर वर्षांपूर्वीचा राहिलेलाही नसतो. खडक झिजत असतो, भेगा वाढत असतात.

अधिक सबळ विगमन कसे करावे

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती सांगितल्या. त्यांपैकी अन्वय पद्धतीने पाहू. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यातील महाड तालुक्यात तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्यानंतर इर्शाळवाडी. तिन्ही ठिकाणी समान काय? वस्तीच्या वर तीव्र उतार, आणि घटनेपूर्वीचा मुसळधार पाऊस. ‘येथे पूर्वी पडली होती काय’ या प्रश्नापेक्षा ‘येथील उतार, माती व पाणी त्या तीन ठिकाणांसारखे आहे काय’ हा प्रश्न म्हणूनच अधिक कामाचा.

पण अन्वयावर थांबणे हेही पुरेसे नाही. उतार आणि पाऊस या दोन्ही गोष्टी कर्जत-खालापूरच्या कितीतरी वाड्यांना आहेत आणि त्या उभ्या आहेत. ‘इर्शाळवाडी गेली, म्हणून डोंगराखालची प्रत्येक वाडी जाणार’ हे पुन्हा घाईचे सामान्यीकरण झाले; भीतीपोटी केलेले असले म्हणून ते निर्दोष होत नाही. येथे व्यतिरेक पद्धती लागते : जो उतार पडला आणि त्याच्यासारखाच जो पडला नाही, त्या दोहोंत फरक कोणता? मातीच्या थराची जाडी, खडकातील भेगांची दिशा, पाणी निघून जाण्याच्या वाटा. हे काम भूशास्त्रज्ञाचे आहे. मात्र काही खुणा गावकऱ्यालाही दिसू शकतात : उतारावर जमिनीला नवी भेग पडणे, उभी झाडे किंवा खांब कलणे, घराच्या भिंतींना अकस्मात तडे जाणे, कधी नव्हता तेथे झरा फुटणे अथवा नेहमीच्या झऱ्याचे पाणी गढूळ होणे. एक खूण म्हणजे दुर्बल आधार. वेगवेगळ्या प्रकारच्या दोन-तीन खुणा एकाच उताराकडे बोट दाखवू लागल्या, तर विगमन झपाट्याने सबळ होते. साक्षीदार एकमेकांना न भेटता तेच सांगू लागले की न्यायाधीश जसा कान टवकारतो, तसेच हे आहे.

आणि येथे निगमनाकडे परत यावे लागते. विगमनाने मिळालेला निष्कर्ष हा शंभर टक्क्यांचा कधीच नसतो. मग वागावे कसे? रात्री वाडी सोडून खालच्या शाळेत झोपायला गेलो आणि डोंगर पडला नाही, तर एका रात्रीचा त्रास झाला. न जाता डोंगर पडला, तर त्या चुकीची भरपाई नाही. दोन चुकांची किंमत इतकी विषम असेल तेव्हा थोडी शक्यताही कृतीला पुरेशी असते. ‘खात्री नाही, म्हणून थांबू’ या वाक्यात ‘खात्री नसेल तर थांबावे’ असे एक न उच्चारलेले आधारविधान आहे. ते बाहेर काढून कागदावर लिहिले की अशा प्रसंगी ते मान्य करण्याजोगे नाही हे लगेच दिसते. न उच्चारलेले आधारविधान बाहेर काढणे, हेच तर निगमनाचे काम. मागच्या बाकावरील मित्राला त्याच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते : निगमन नवे काही सांगत नाही हे खरे, परंतु आपण काय गृहीत धरून बसलो आहोत ते दाखविते, आणि पुष्कळदा तेच आपल्याला ठाऊक नसते.

परीक्षेत व्याख्या लिहाव्याच लागतील, त्या पाठ कराव्यात. पण त्यापूर्वी येत्या पावसाळ्यात आपापल्या गावी ऐकू येणारी तीन वाक्ये वहीत टिपून आणावीत : “इथे कधी काही झालेले नाही,” “कुणी लेखी कळविलेले नाही,” आणि “शेजारची वाडी गेली, आता आपली पाळी.” प्रत्येकाखाली आधारविधाने व निष्कर्ष वेगळे लिहावेत, ‘म्हणून’ कोठे पडतो त्याखाली रेघ ओढावी, आणि ओले सरपण कोणते ते कंसात नोंदवावे.